दिल्लीच्या हिटरविना खोलीत हिवाळा: अंथरूण, पांघरूण आणि रात्रीचे कपडे

दिल्लीत पहिला हिवाळा काढायला येणारा मराठी माणूस आकडे बघून फसतो. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी सात-आठ अंश, म्हणजे आपल्या निफाडला थंडीच्या दिवसांत असतं तेवढंच की, असं म्हणून तो एक स्वेटर आणि सोलापुरी चादर घेऊन गाडीत बसतो. खरा फरक रात्रीत नसतो, दिवसात असतो. निफाडला पहाटे कितीही गारठा असला तरी दुपारी चटका बसेल असं ऊन पडतं, भिंती तापतात, गाद्या वाळतात. दिल्लीत धुकं दाटून बसलं की तीन-तीन, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. 30 डिसेंबर 2019 ला सफदरजंगच्या वेधशाळेत दिवसाचं कमाल तापमान 9.4 अंश नोंदलं गेलं होतं. कमाल, किमान नव्हे. अशा दिवसांत घर रात्री गार होतं आणि दिवसा तापतच नाही.

त्यात इथली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. संगमरवरी किंवा मोझॅकची फरशी, उंच छत, दाराखाली बोट जाईल एवढी फट. बंद खोलीतसुद्धा रात्री दहाला 15 अंश आणि पहाटे पाचला 12 अंश ही डिसेंबर-जानेवारीत नेहमीची गोष्ट आहे. मुखर्जीनगर, राजेंद्रनगर भागातल्या बहुतेक पीजींमध्ये हिटर लावू देत नाहीत, कारण वायरिंगला तो भार झेपत नाही. मग उरतं ते अंथरूण-पांघरूण. ते नीट रचलं तर बारा अंशांच्या खोलीत झोप छान लागते. नुसतं वाढवत नेलं तर आधी घाम येतो आणि मग त्या घामानेच थंडी वाजते.

पहिलं काम: गादीखाली बघा

पाठ गार पडतेय म्हणून वरून आणखी एक रजई ओढायची, हे नव्या माणसाकडून हमखास होतं. त्याने काही होत नाही. ऊब कापसात किंवा लोकरीत नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. वरच्या रजईत ती हवा तशीच राहते, पण अंगाखालची गादी आपल्या वजनाने चेपते आणि हवा निघून जाते. दोन-तीन वर्षं वापरलेली कापसाची गादी तर कंबरेखाली इतकी बसलेली असते की तिथे फळीच लागते. पीजीत मिळणारी गादी बहुधा अशीच असते.

तेव्हा उताणं झोपून दहा मिनिटं थांबा. छाती उबदार आणि कंबर, खांदे, टाचा गार लागत असतील, तर कमी पडतंय ते खाली.

खाली घालायला चेपली तरी सपाट न होणारी गोष्ट हवी. घरची जाड गोधडी यासाठी उत्तम, कारण तिचे दाट टाके थर जागचे हलू देत नाहीत. घोंगडी त्याहून बरी. ती अंगाला टोचते म्हणून लोक पांघरत नाहीत, पण चादरीखाली अंथरली तर टोचण्याचा प्रश्नच येत नाही आणि लोकर थोडी ओल शोषूनही उबदार राहते. यातलं काही गावाहून आणलं नसेल तर दिल्लीच्या बाजारात ‘खेस’ मागा. पंजाब-हरियाणाकडची ही जाड विणीची सुती चादर असते. दुहेरी घडी करून गादीवर घालायची आणि त्यावर नेहमीची चादर.

पलंग कसला आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. निवारीच्या किंवा नायलॉन पट्ट्यांच्या फोल्डिंग पलंगाखालून वारा खेळतो. तिथे गादीखाली सतरंजी किंवा जाड पुठ्ठा हवाच. बंद पेटीच्या दिवाणावर वारा लागत नाही, पण प्लायवुड आणि गादी यांच्यामध्ये ओल साठते. फरशीवर गादी टाकून झोपत असाल तर दोन्ही त्रास एकदम. फरशीवर आधी चटई, तिच्यावर सतरंजी, मग गादी, आणि सकाळी उठल्याबरोबर गादी भिंतीला उभी करायची. हे एक काम चुकवलंत तर महिन्याभरात गादीच्या खालच्या अंगाला काळे ठिपके दिसतात. योगासनांची रबरी किंवा फोमची मॅट असेल तर ती गादीच्या खाली जाईल, वर नाही. तिच्यातून गारठा येत नाही तसा घामही जात नाही. वर घातली तर सकाळी चादर ओलसर लागते.

आणखी एक, पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ओढा. बाहेरची भिंत खोलीतल्या हवेपेक्षा गार असते. भिंतीला टेकलेली रजईची कड रात्रभर तिच्यावरचा दमटपणा शोषत राहते.

पांघरूण: पातळ आत, फुगीर बाहेर

दिल्लीच्या दुकानात गेलात की तीन प्रकार समोर येतील. कापूस भरलेली रजई, पॉलिएस्टर भरलेली ‘फायबर’ची रजई किंवा क्विल्ट, आणि पानिपतहून येणारं ते गुळगुळीत, मोठ्या फुलांचं मिंक ब्लँकेट. चौथी लोई, म्हणजे लोकरीची पातळ मोठी शाल. नवखा माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मला विचाराल तर पहिली खरेदी लोईची करा.

कारण असं. रजई फुगीर असते, पण अंगाला लपेटत नाही. खांद्याशी, मानेशी, पाठीमागे पोकळ्या राहतात आणि कूस बदलली की त्यातून गार हवा आत शिरते. लोई किंवा मऊ पातळ ब्लँकेट अंगाभोवती नीट बसतं आणि या पोकळ्या बुजवतं. म्हणून अंगालगत सुती चादर किंवा लोई, तिच्यावर रजई. यात क्रम महत्त्वाचा आहे. तीन-साडेतीन किलोचं मिंक ब्लँकेट रजईच्या वर टाकलं तर रजई दबते, तिच्यातली हवा जाते आणि दोन्ही मिळून एकट्या रजईपेक्षा फार उबदार होत नाहीत. शिवाय मिंकच्या दाट विणीखाली घामाची वाफ अडकते. मिंक वापरायचंच असेल तर ते रजईच्या आत घ्या, आणि अंगाला घाम फुटतो असं जाणवलं तर त्याच्या आत एक सुती चादर.

रजई कापसाची की फायबरची? हा प्रश्न मायेने नव्हे, उन्हाने सोडवायचा. तुमच्या खोलीला गच्ची किंवा दक्षिणेची बाल्कनी असेल आणि रजईला ऊन दाखवता येत असेल, तर कापसाची घ्या. तिची ऊब शांत असते, ती घाम पिते, चिकट वाटत नाही. एका माणसाला दोन-अडीच किलो कापूस पुरतो. तीन किलोंच्या पुढे नुसतं ओझं होतं. नोव्हेंबरात दुकानदार समोर कापूस पिंजून भरून देतात. तेव्हा टाके जवळजवळ घालायला सांगा, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत सगळा कापूस पायाशी गोळा होतो. पण खोली आतल्या बाजूची असेल, ऊन मिळणारच नसेल, तर कापसाच्या वाटेला जाऊ नका. दमट कापूस जड होतो, गार होतो आणि चार दिवसांत कुबट वास मारू लागतो. तिथे फायबर बरी. ती पाणी शोषत नाही, पंख्याखालीही वाळते. रजई कुठलीही घ्या, तिला सुती खोळ हवी. खोळ सहज धुता येते, रजई तशी धुता येत नाही.

जयपुरी रजई दिसते सुरेख आणि वजनाला हलकी. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीला ती पुरते. जानेवारीत तिला लोईची जोड लागते.

अंगावरचे कपडे: कमी आणि कोरडे

रात्री सगळं पांघरुणावर सोपवायचं, कपड्यांवर नाही. याचं कारण झोपेच्या वेळापत्रकात आहे. झोप लागताना शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर सोडतं, म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत गरम होतं. पुढे शरीराचं तापमान उतरत जातं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येतं. खोलीही साधारण त्याच वेळी सर्वांत गार असते. स्वेटर, जाकीट, दोन पायमोजे घालून झोपणारा माणूस रात्री एकला घामाघूम होतो. झोपेत स्वेटर काढता येत नाही, म्हणून तो रजई लाथेने उडवतो. पहाटे तोच घामट बनियन बर्फासारखा लागतो. पांघरूण मात्र झोपेतसुद्धा हाताने खालीवर करता येतं.

तेव्हा रात्रीसाठी वेगळा जोड ठेवा, फक्त झोपण्याचा. पूर्ण बाह्यांचा पातळ, सैल, सुती टी-शर्ट आणि त्यावर थर्मलचा वरचा भाग किंवा जुना मऊ स्वेटर, खाली थर्मल पायजमा किंवा सुती पायजमा. एवढंच. लुधियानाच्या होजियरीचे थर्मल सगळीकडे मिळतात. रात्रीसाठी घेताना एक माप मोठे घ्या. घट्ट थर्मल दिवसा कपड्यांखाली ठीक असतात, झोपेत कंबर आणि पोटऱ्या आवळतात.

दिवसभर वापरलेले थर्मल घालून तसंच अंथरुणात शिरू नका. हातांना ते कोरडे लागतात, पण मेट्रोचे जिने चढून आलेल्या माणसाच्या काखेत आणि पाठीवर दिवसाचा घाम मुरलेला असतो. तो रात्री सुकतो तेव्हा तुमच्याच अंगातली ऊब घेऊन सुकतो. थर्मलचे दोन जोड असावेत ते याचसाठी.

झोपताना पाय धुण्याची आपली सवय चांगली आहे, कोमट पाण्याने धुवा, पण बोटांच्या बेचक्यांसकट खसखसून पुसा आणि दोन मिनिटं थांबूनच पायमोजे घाला. मोजे लोकरीचे असोत की सुती, सैल हवेत. एकावर एक दोन घट्ट मोजे घातले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. रात्री गरम झालं की मोजे पायानेच काढून टाकता आले पाहिजेत, माप तेवढं सैल.

डोक्याला पातळ विणीची कानटोपी. डोकं रजईत घेऊन झोपण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण रजईत सोडलेला श्वास दमट असतो. नाकातोंडाजवळची खोळ सकाळी चाचपून बघा, ओलसर लागेल. हवा कोंडून डोकं जड होतं ते वेगळंच. गळ्याभोवती मऊ मफलर सैल गुंडाळा, रजई हनुवटीपर्यंत घ्या आणि नाक बाहेर राहू द्या. नाकाचा शेंडा गार राहतोच, त्याला इलाज नाही.

निजण्याआधीचा अर्धा तास

पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली राखतं. गारठलेला माणूस रजईत शिरला तर गारठा राखला जातो. म्हणून अंथरुणात शिरण्याआधी अंगात थोडी ऊब हवी. खोलीत पाच-सात मिनिटं फेऱ्या मारा, दहा-पंधरा उठाबशा काढा, पण घाम फुटायच्या आत थांबा.

अंथरूण आधी गरम करून ठेवायला रबरी पिशवी पुरेशी आहे. तिच्यात उकळतं पाणी ओतू नका. उकळून पाच-सात मिनिटं थांबलेलं पाणी दोन-तृतीयांश भरा, पिशवी दाबून हवा काढा, मग बूच लावा आणि उलटी करून गळती बघा. रबर पिवळट, चिरा पडल्यासारखं झालं असेल तर ती पिशवी टाकून द्या. कापडी खोळ घालून ती झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं कंबरेच्या जागी ठेवा. आडवं होताना पायांना लागणार नाही इतकी खाली सरकवा किंवा बाहेर काढा. अंगाला चिकटवून झोपी जाणं धोक्याचं. फार गरम न वाटणारी पिशवीही तासन्‌तास एकाच जागी लागून राहिली तर भाजते. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना तर ते कळतही नाही. त्यांनी पिशवी फक्त अंथरूण तापवायला वापरावी आणि झोपताना काढावी.

विजेचं अंथरूण, इथल्या भाषेत इलेक्ट्रिक ब्लँकेट, हिटरपेक्षा फारच कमी वीज घेतं, त्यामुळे काही घरमालक त्याला हरकत घेत नाहीत. ते चादरीखाली सपाट पसरायचं, घडी घालून नाही. अर्धा तास आधी चालू करायचं आणि अंथरुणात शिरताना बंद करायचं. त्याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. धुक्याच्या दिवसांत ते गादीच्या वरच्या थरातली ओल घालवतं. मात्र त्याच अंथरुणात पाण्याची पिशवी ठेवू नका.

आणि शेवटची तयारी म्हणजे पायाशी एक लोई किंवा हलकी चादर घडी करून ठेवणं. ती पहाटेसाठी. तुम्ही ती आधीच पांघरली तर एक वाजता घाम येईल. चारला जाग आली की डोळे न उघडता ओढून घेता येईल अशी ती हवी, म्हणजे कपाटात नव्हे.

एका खोलीचा हिशेब

माझी भाची गेल्या हिवाळ्यात लातूरहून इथे अभ्यासाला आली. खोली तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडची, ऊन नाही. फोल्डिंग पलंग, त्यावर दोन इंचांची बसलेली गादी. पांघरायला कापसाची एक रजई, फायबरची एक आणि सगळ्यांवर मिंक. अंगात थर्मल, स्वेटर, ट्रॅकपँट, दोन मोजे. एवढं करून फोनवर म्हणाली, “मावशी, अंगावर ओझं आहे, पण ऊब नाही गं.”

तिला मी दोन प्रश्न विचारले. पहिली जाग कधी येते? दीड-दोनला, घसा कोरडा आणि मान ओली. दुसरी? चार-साडेचारला, पाठीत हुडहुडी भरून. या दोन उत्तरांत सगळं आलं. मान ओली म्हणजे वरून जास्त झालंय. पाठीत हुडहुडी म्हणजे खालून कमी आहे आणि कपडे घामाने भिजलेत.

नवीन काही फारसं घ्यावं लागलं नाही. निवारीवर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला, त्यावर तिची गादी. गादीवर कापसाची रजई अंथरली, कारण ऊन नसलेल्या खोलीत ती पांघरायच्या लायकीची राहिलीच नव्हती. तिला आधी एका रविवारी माझ्या गच्चीवर दुपारभर ऊन दाखवलं. रजईवर घरून आलेली गोधडी, मग चादर. पांघरायला आत माझी जुनी लोई आणि वर फायबरची रजई. मिंकची घडी पायाशी. कपड्यांतून स्वेटर आणि एक मोजा वजा केला, थर्मलचा कोरडा जोड रात्रीसाठी वेगळा काढला.

पहिल्या रात्री ती पहाटे एकदा उठली, मिंक रजईच्या आत ओढून घेतलं आणि पुन्हा झोपली. मग वाटलं खांद्याशी अजून गार लागतंय. ते लोईचं टोक गादीखाली खोचून ठेवल्यावर थांबलं. अंगावरचं वजन निम्म्यावर आलं होतं. आठवड्याभराने तिने लोईच्या जागी सुती चादर करून बघितली, कारण तिला लोकर मानेला टोचत होती. चाललं. खोलीचं तापमान मात्र होतं तेच, पहाटे बारा अंश.

तुमचाही हिशेब असाच मांडा, आणि एका रात्री एकच गोष्ट बदला. तीन बदल एकदम केले की कशाने बरं वाटलं ते कळत नाही. गरम की गार ते हातपाय चाचपून ठरवू नका, ते गारच असतात. मानेचा मागचा भाग चाचपा. उबदार आणि कोरडा असेल तर थर बरोबर आहेत. ओलसर असेल तर एक थर काढा, गार असेल तर आधी खाली बघा, मग वर.

ओल

एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी सोडतो. दोघे एका खोलीत झोपत असाल तर अर्धा लिटर. ते कुठेतरी जाऊन बसतंच. काही खिडकीच्या काचेवर, काही बाहेरच्या भिंतीवर, आणि बरंचसं गादी-रजईत. कोरडं ऊन असलेल्या गावात ते दिवसा उडून जातं. दिल्लीच्या धुक्यात राहून जातं, आणि आठवड्याभरात अंथरूण असं होतं की आत शिरल्यावर दहा मिनिटं ते तापतच नाही.

गार कापड आणि ओलं कापड हाताला सारखंच लागतं, म्हणून फसायला होतं. फरक ओळखायची सोपी रीत अशी. रजईची कड दोन्ही तळहातांत धरून दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. नुसती गार असेल तर तापते, ओली असेल तर गारच राहते. गादीसाठी रात्री तिच्याखाली वर्तमानपत्राचा एक कोरडा कडक कागद सरकवा. सकाळी तो लुळा पडलेला असेल तर खाली ओल आहे. प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा असेल तर आणखी चांगलं. उन्हात वाळवलेली कापसाची रजई तोलून आकडा लिहून ठेवा. धुक्याच्या आठवड्यानंतर ती दोन-तीनशे ग्रॅमनी जड भरली तर नवल नाही, ते सगळं पाणी.

सकाळी उठल्यावर अंथरूण लगेच नीटनेटकं करू नका. आपल्या आयांनी लावलेली ही शिस्त दिल्लीत महागात पडते. रजई पायाच्या बाजूला उलटी टाका, गादीचं एक टोक उचलून खाली उशी सारा आणि तासभर तसंच राहू द्या. पंखा हळू लावता आला तर लावा. घडी घालायची ती नंतर.

खिडकीबद्दल लोकांचा ठाम समज असतो की धुक्यात उघडली तर ओल आत येईल. हिशेब उलटा आहे. गार हवेत पाणी मावतंच कमी. बाहेर सात अंशांची धुक्याने भरलेली हवा एका घनमीटरमध्ये आठ ग्रॅमच्या आसपास वाफ बाळगते, आणि दोघे झोपून उठलेल्या चौदा अंशांच्या खोलीतली दमट हवा दहा ग्रॅम. म्हणजे खिडकी उघडल्याने ओल बाहेरच जाते. दहा मिनिटं खिडकी आणि दार दोन्ही सताड उघडा, वारा आरपार जाऊ द्या आणि बंद करा. दिवसभर फट ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तेवढ्यात भिंती गार होत नाहीत. दिल्लीची हवा कशी असते ते सांगायला नको, त्यामुळे हे काम पहाटे न करता दुपारी करा.

ओले कपडे खोलीत वाळत घालणं हे मात्र सरळ नुकसान. पिळलेल्या कपड्यांच्या एका बादलीतून लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं, म्हणजे तुमच्या चार ते सहा रात्रींच्या श्वास-घामाएवढं. थंडीत कपडे थोडे थोडे धुवा आणि बाल्कनीतच वाळवा, दोन दिवस लागले तरी.

ऊन पडलं की अकरा ते तीन या वेळात रजई-गादी दोन्ही अंगांनी तापवा, आणि तीननंतर लगेच आत घ्या. पाचला घ्यायला गेलात तर दव लागायला सुरुवात झालेली असते. आत आणल्यावर निवू द्या, मगच घडी करा.

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि शेगडी

वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीच लागू नाही. त्याच्या अंथरुणात सैल रजई, उशी, ब्लँकेट नको, झोपताना टोपीही नको. त्याची ऊब कपड्यांतूनच द्यायची, बाह्यांची झोपपिशवी असेल तर तीच चांगली. त्याचीही मान आणि छाती चाचपायची, हातपाय नाही. आजी-आजोबांना उलट. त्यांना थंडी वाजतेय हे उशिरा जाणवतं. जागतिक आरोग्य संघटना घरात 18 अंशांचं तापमान सुचवते, आणि बारा अंशांची खोली म्हातारपणी नुसत्या रजईवर काढायची गोष्ट नाही. त्यांच्यासाठी हिटर लावता येईल अशी खोली शोधा. रात्री उठावं लागतं म्हणून पलंगाशी हात पोचेल तिथे शाल आणि सपाता ठेवा.

कोळशाची शेगडी, इथली अंगीठी, झोपायच्या खोलीत आणू नका, विझत आलेली असली तरी नाही. विझणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दारंखिडक्या बंद करून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं त्याने गेल्याच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. गॅसचा हिटरही तसाच, वर तो जळताना पाण्याची वाफ सोडतो ती वेगळीच.

फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस तापू लागले की थर उतरवा. आधी पायाशी ठेवलेलं, मग आतली लोई, गादीवरचा खेस सर्वांत शेवटी, कारण फरशी आणि भिंती हवेपेक्षा उशिरा तापतात. होळीच्या सुमारास सगळं दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, खोळी धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच ट्रंकेत भरा. लोकरीच्या वस्तूंत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा. रजई प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा, आणि बंद दिवाणात ठेवणार असाल तर पावसाळ्यात एखाददोनदा ते उघडून हवा द्या.